दप्तरासाठी कॅनव्हास, नायलॉन की रिपस्टॉप? आधी जुनं दप्तर उलटं करून बघा

प्रश्न: नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलगा सातवीत आहे, वजन 35 किलो. दर वर्षी नवीन दप्तर घेतो आणि दिवाळीपर्यंत पट्ट्याजवळ उसवतं, नाहीतर चेन जाते. या वेळी ओळखीच्या कारागिराकडून शिवून घ्यायचं ठरवलंय. तो विचारतोय कापड कुठलं आणू: कॅनव्हास, नायलॉन की ते बारीक चौकटीचं रिपस्टॉप पॉलिएस्टर? पावसात भिजणार, बसमध्ये आपटलं जाणार हे धरून चाला. दोन वर्षं टिकलं तरी पुष्कळ.

उत्तर:

नवीन कापड आणण्याआधी जुनं दप्तर टाकून दिलं नसेल तर ते उलटं करा आणि पट्ट्याजवळची उसवलेली जागा उजेडात बघा. तिथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल. कापड शाबूत आहे, फक्त दोरा तुटून टाके सुटलेत, तर दोष दोऱ्याचा किंवा टाक्याचा. कापडाची कड झालरीसारखी मोकळी झाली आहे आणि त्या झालरीत दोरा अजून शाबूत अडकलेला आहे, तर शिवण तुटलेलीच नाही. कापडाचे धागे शिवणीच्या बाहेर सरकून निसटलेत. आणि शिवणीला समांतर, टाक्यांच्या भोकांच्या रांगेतच कापड सरळ फाटलं असेल, तर टाके फार बारीक घातले गेले आणि सुईनं कापडाला छिद्रांची रेघ पाडून ठेवली.

बाजारातल्या मध्यम किमतीच्या दप्तरांत सगळ्यात जास्त आढळतो तो दुसरा प्रकार. या प्रकारात कापड दुप्पट मजबूत आणलं आणि शिवण तशीच ठेवली, तर दप्तर पुन्हा दिवाळीलाच जाईल. म्हणून कापडाचं उत्तर देतोच, पण निम्मं उत्तर कडांचं, पट्ट्याच्या बुडाचं आणि चेनीचं आहे.

निवड बऱ्याच अंशी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. मूल चालत शाळेत जात असेल, दप्तर रोज रात्री कोरड्या जागी टांगलं जात असेल आणि वह्या शाळेतच राहत असतील तर तिन्हीपैकी कुठलंही चालेल. तुमच्याकडे तसं नाही. जून ते सप्टेंबर दप्तर रोज थोडंफार भिजणार, बंद घरात पूर्ण वाळणार नाही, बसच्या पत्र्यावर घासणार आणि बाकाखाली पायानं सरकवलं जाणार. या चार महिन्यांचा विचार करून कापड निवडायचं. उरलेलं वर्ष त्यामानानं सोपं असतं.

दुसरी अट वजनाची. केंद्राच्या 2020 च्या स्कूल बॅग धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांच्या आत असावं. म्हणजे तुमच्या मुलासाठी साडेतीन किलो, आणि त्यात रिकामं दप्तरही धरलेलं. प्रत्यक्षात डबा आणि पाण्याची बाटली धरून मुलं पाच किलोपर्यंत नेतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण रिकाम्या दप्तराचं वजन तरी आपल्या हातात आहे. 44 सेंमी उंच, 30 रुंद आणि 16 जाड दप्तर धरा. पुढचा खिसा, बाजूचे दोन खिसे, पट्ट्यांच्या दोन्ही बाजू, बुडाचा दुहेरी थर आणि शिवणीची माया धरून साधारण 1.2 चौरस मीटर कापड लागतं. 14 औंसाचा कॅनव्हास चौरस मीटरला 475 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे नुसतं कापड 570 ग्रॅम. डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप, आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा पाणी अडवणारा लेप. 600 डेनियरचं पीयू लेपाचं पॉलिएस्टर 240 ग्रॅम धरलं तर 290 ग्रॅम. 420 डेनियर नायलॉन 190 धरलं तर 230 ग्रॅम. फोम, नवार, चेन, अस्तर आणि अॅडजस्टर मिळून आणखी तीनशे ग्रॅम धरा. म्हणजे कॅनव्हासचं दप्तर पाऊण किलोच्या वर जातं, बाकी दोन्ही सहाशे ग्रॅमच्या आत राहतात.

हे कोरड्याचं वजन झालं. सुती कापड पाणी पितं, आणि चांगलं भिजलेला कॅनव्हास स्वतःच्या वजनाच्या निम्मं तरी पाणी सहज धरून बसतो. जुलैमधल्या सकाळी मुलाच्या पाठीवर पाव किलोहून जास्त पाणी फुकट चढतं.

कॅनव्हास

कॅनव्हासला नावं ठेवण्यासारखं फार नाही, फक्त तो आपल्या हवेत या कामाचा नाही. कापूस ओला झाल्यावर कमकुवत होत नाही, उलट थोडा मजबूतच होतो. घासण्याला तो चांगला टिकतो, शिवायला सोपा, सुईची भोकं दोऱ्याभोवती मिटून येतात. अडचण वाळण्याची आहे. पावसाळ्यात दोन दिवस दमट राहिलेल्या कॅनव्हासवर काळे बुरशीचे ठिपके येतात. बुरशी धाग्यावरच जगते, त्यामुळे ती धुऊन वास गेला तरी तिथला धागा कुजलेला राहतो. शिवाय गडद रंगाचा कॅनव्हास भिजला की पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर रंग सोडतो. मेण चोळलेला कॅनव्हास पाणी अडवतो खरा, पण उन्हात तेच मेण गणवेशाला लागतं. तरीही तुम्हाला कॅनव्हासच हवा असेल तर 12 ते 14 औंसाचा घ्या, कापण्याआधी एकदा धुऊन वाळवून आटवून घ्या आणि बुडाला मात्र दुसरं कापड लावा.

नायलॉन

घासण्याला या तिघांत सगळ्यात चिवट नायलॉन. म्हणून बुडाला आणि पाठीवर पट्टे जिथे जोडतात तिथे मी नायलॉनच सुचवतो. त्याचे दोन दुर्गुण आहेत. ओलं झालं की ते थोडं ताणतं आणि त्याची ताकद दहा-पंधरा टक्के उतरते. आणि सतत उन्हात राहिलं तर पॉलिएस्टरपेक्षा लवकर जुनं होतं. दप्तराच्या बाबतीत यातलं काहीच जीवघेणं नाही. खरी अडचण खरेदीत येते. दुकानात नायलॉन म्हणून दिलं जाणारं कापड बऱ्याचदा पॉलिएस्टर असतं, किंवा छत्रीला चालेल असं पातळ पॅराशूट कापड असतं. दप्तराच्या अंगासाठी 420 डेनियरच्या खाली जाऊ नका. बुडासाठी 1000 डेनियर मिळालं तर उत्तम.

डेनियर म्हणजे त्या धाग्याच्या 9000 मीटर लांबीचं ग्रॅममधलं वजन, म्हणजेच धाग्याची जाडी. विणकाम किती घट्ट आहे हे त्यातून कळत नाही. 1680 डेनियरचं सैल विणलेलं कापड 600 डेनियरच्या घट्ट कापडापेक्षा लवकर निसटतं, कारण जाड धागे थोडे आणि मोकळे बसलेले असतात. मागचा लेप असेपर्यंतच ते जागेवर राहतात.

पॉलिएस्टर आणि रिपस्टॉप

इथे एक घोळ आधी सोडवायला हवा. रिपस्टॉप हा कापडाचा पदार्थ नाही, विणायची पद्धत आहे. ठरावीक अंतरावर, साधारण 5 ते 8 मिमीवर, एक जाड किंवा दुहेरी धागा उभा-आडवा घातलेला असतो. त्यातून ती चौकट दिसते. कापडाला खिळ्यानं भोक पडलं तर फाटत जाणारी रेघ त्या जाड धाग्याशी थांबते. एवढंच त्याचं काम. घासून झिजणं, शिवणीतून निसटणं किंवा पट्टा उखडणं यांपैकी कशावरही ती चौकट उपाय नाही. तुमच्या तक्रारीत फाटत गेलेल्या भोकाचा उल्लेखच नाही, त्यामुळे चौकटीसाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण मला दिसत नाही.

त्यात रिपस्टॉप म्हणून जे सहज मिळतं ते बहुतेक 70 किंवा 210 डेनियरचं असतं. 70 डेनियरचं रिपस्टॉप दप्तराच्या रेनकव्हरसाठी एकदम योग्य आहे. 210 अस्तराला चालेल. अंगासाठी रिपस्टॉप घ्यायचंच असेल तर 420 ते 600 डेनियरचं शोधा, आणि ते मिळालं तर आनंदानं वापरा.

तुमच्यासाठी माझी निवड अशी: अंगाला 600 डेनियरचं घट्ट विणीचं पॉलिएस्टर, ज्याला आपल्याकडचे व्यापारी मॅटी म्हणतात, मागे पीयूचा लेप असलेलं. बुडाला आणि पट्ट्यांच्या जोडाखाली 1000 डेनियर नायलॉन. ते मिळालं नाही तर तीच मॅटी दुहेरी. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, ओल्यानं ढिलं पडत नाही आणि रात्रभर पंख्याखाली वाळतं.

मॅटी घेताना मागची बाजू बघा. पीव्हीसीचा लेप जाड, रबरासारखा असतो. तो कापडाला ताठ ठेवतो म्हणून दुकानात भारी वाटतो, पण वजन बरंच वाढवतो आणि घडीवर तडकतो. पीयूचा लेप पातळ असतो, हाताला मऊ लागतो. त्याचा शत्रू म्हणजे उष्ण दमट हवा. ओल्या अवस्थेत बंद कपाटात राहिला की काही वर्षांत चिकट होऊन सुटायला लागतो. दोन वर्षांच्या हिशेबात तो पुरेसा आहे. कापडाची घडी घालून त्या घडीवर नख जोरात ओढा. पांढरी भेग पडली किंवा पापुद्रा निघाला तर ते कापड नको.

आणि सगळ्यात उपयोगी चाचणी टाचणीची. कापडाच्या कापलेल्या कडेपासून 5 मिमी आत टाचणी टोचा आणि ती कडेच्या दिशेनं ओढा. धागे सरसर सरकून टाचणी बाहेर आली, तर शिवणीचा दोराही तसाच बाहेर येणार. चांगल्या मॅटीत टाचणी अडते, आधी ती वाकायला लागते. दुकानदाराकडे नमुन्याचा तुकडा मागा आणि हे तिथेच करा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मनासारखं कापड मिळालं नाही तर क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत कापड, नवार, चेन आणि रनर एकाच फेरीत मिळतील. दीड मीटर पन्ह्याचं कापड एक मीटर पुरतं. पट्टे आणि पाठ उभ्या धाग्यात कापायची असल्यानं सव्वा मीटर घ्या.

नायलॉन आहे की पॉलिएस्टर हे बघायचं तर कडेचा एक धागा उपसून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर देतं आणि शेवटी काळा कडक मणी उरतो. नायलॉनही वितळतं, पण मणी करडा-तपकिरी असतो. लेपासकट कापडाचा तुकडा जाळू नका, पीव्हीसीचा धूर वाईट असतो.

शिवण

कारागिराला सांगायची पहिली गोष्ट म्हणजे माया. बाजारात कापड वाचवायला 5-6 मिमी मायेवर शिवतात, आणि झालर होऊन निसटण्याचं मूळ तिथेच आहे. 12 मिमी माया ठेवायला सांगा. त्यात एक शिवण मुख्य रेषेवर आणि दुसरी तिच्या 4 मिमी बाहेर, मायेत. मग संपूर्ण कडेला 25 मिमी रुंद पट्टीचा गोट, जो दोन्ही बाजूंनी कड झाकेल. गोटामुळे आतून नीटनेटकं दिसतं हे खरं, पण त्याचं खरं काम कडेचे धागे बांधून ठेवण्याचं आहे. नुसतं ओव्हरलॉक पुरत नाही. जाड मॅटीवर ओव्हरलॉकचा दोरा कडेच्या धाग्यांसकट उतरतो. मॅटी आणि नायलॉन कापताना कड तापलेल्या कटरनं किंवा मेणबत्तीच्या आचेवरून झरकन फिरवून वितळवून घेतली तर आणखी चांगलं.

दोरा बाँडेड नायलॉन किंवा बाँडेड पॉलिएस्टर, 40 नंबर. बाँडेड म्हणजे दोऱ्याचे पीळ एकमेकांना चिकटवलेले, त्यामुळे जाड थरांतून जाताना तो सुटत नाही. दोऱ्याचा नंबर जितका लहान तितका दोरा जाड. ब्लाउज-शर्टाला वापरतात तो 120 नंबरचा दोरा दप्तरात दिसला तर शिलाई तिथेच थांबवा. सुती दोरा नकोच, कॅनव्हासलाही. सुई 18 नंबर. बारीक सुईत जाड दोरा घासून केसाळतो, आणि उगाच जाड सुई लेपाला मोठं भोक पाडते.

टाका सव्वातीन ते साडेतीन मिमी, म्हणजे इंचात सात ते आठ. इथे हौशी मंडळी नेमकं उलटं करतात. मजबुतीसाठी टाका बारीक करतात, आणि वर सांगितलेली छिद्रांची रेघ तयार होते. चुकलेली शिवण उसवून पुन्हा त्याच जागी घालणंही म्हणूनच वाईट. लेपाच्या कापडातलं भोक मिटत नाही. दुसरी शिवण 2-3 मिमी सरकवून घाला.

दोऱ्याचा ताण तपासायला शिवणीची खालची बाजू बघा. खालचा दोरा सरळ तारेसारखा पडलेला असेल आणि टोकानं ओढला की लांबवर निघत असेल, तर वरचा-खालचा ताण जुळलेला नाही. गाठ कापडाच्या जाडीत मध्ये बसायला हवी, वरही दिसू नये आणि खालीही. हे आधी टाकाऊ तुकड्याचे चार थर करून त्यावर जुळवून घ्यावं लागतं. दोन थरांवर जुळलेला ताण पट्ट्याच्या सहा थरांवर तसाच राहत नाही.

पट्ट्याचा वरचा जोड

आता मुख्य जागा. 40 नंबरच्या बाँडेड नायलॉन दोऱ्याचा एक पदर साधारण 5 किलोला तुटतो. 6 सेंमी रुंद पट्ट्यावर आडवी एक शिवण घातली तर त्यात सतरा-अठरा टाके येतात. हिशेबानं हे पाच किलोच्या दप्तराला भरपूर झालं, मूल ते झटक्यात उचलून भार दुपटीहून जास्त झाला तरीही. मग उसवतं का? कारण भार सगळ्या टाक्यांवर सारखा येत नाही. मूल दप्तर एका खांद्यावर टाकतं, पट्टा तिरका ओढला जातो आणि शिवणीच्या एका टोकाचे दोन-तीन टाके जवळजवळ सगळा भार घेतात. ते सुटले की पुढचे दोन, मग त्यापुढचे. पट्टा नेहमी कोपऱ्यातून उखडायला लागतो तो यामुळे. म्हणून सगळा प्रयत्न भार पसरवण्याचा आणि टोकं बांधण्याचा असायला हवा.

तुमच्या दप्तरात हे असं करून घ्या. पाठीच्या भागाच्या आतून, वरच्या शिवणीपासून खाली, 22 सेंमी रुंद आणि 12 सेंमी उंच असा 1000 डेनियर नायलॉनचा तुकडा लावायचा. त्याच्या वरच्या आणि बाजूच्या कडा दप्तराच्या मुख्य शिवणींपर्यंत नेता आल्या तर भार थेट तिथे जातो. पट्ट्याचा फोम टोकाच्या 3 सेंमी आधीच संपवायचा. फोम शिवणीत आला की तो दबत राहतो आणि टाके ढिले पडतात. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध 25 मिमी नवार पूर्ण लांबीभर शिवायची आणि वर 8 ते 10 सेंमी जास्तीची सोडायची.

पट्टे वरच्या शिवणीपासून 5-6 सेंमी खाली, आधी वरच्या दिशेला तोंड करून ठेवायचे आणि टोकावर दुहेरी शिवण घालायची. मग खाली दुमडून त्या घडीवरून पुन्हा शिवण घालायची, म्हणजे कापलेलं टोक आत झाकलं जातं. सोडलेली नवार पाठीत पाडलेल्या फटीतून आत घेऊन आतल्या तुकड्यावर खाली न्यायची आणि तिथे चौकोन व त्यात फुली अशी शिवण घालायची. शेवटी दोन्ही पट्ट्यांच्या घडीवरून एकच आडवी 38 मिमी नवार, वरखाली दोन-दोन शिवणी घालून. वर उचलायची मूठही याच नवारेखाली दाबायची, म्हणजे तिला वेगळा जोड लागत नाही. प्रत्येक पट्ट्याच्या दोन्ही कडांना बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट टाक्यांची आखूड पट्टी, हवा. कारागिराकडे बारटॅकचं मशीन नसेल तर साध्या मशीनवर दाट झिगझॅग, दीड-दोन सेंमी लांब, दोनदा फिरवला तरी चालतो.

खालच्या टोकाला पट्ट्याची नवार बाजूच्या शिवणीत नुसती खुपसून शिवतात, ती सहज निघते. त्याऐवजी दुहेरी कापडाचा त्रिकोणी कान करा, नवार त्यात 4 सेंमी आत घालून फुली मारा आणि कानाची रुंद बाजू शिवणीत घ्या, बुडापासून 3 सेंमी वर, कानाचं टोक तिरकं वर पट्ट्याकडे वळवून. तो ओढीच्या दिशेत असला की कोपऱ्यातून उखडत नाही. तिथे शिवण तीनदा फिरवा.

नवारेचीही एक परीक्षा आहे. तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून हवा काढून टाका आणि सोडा. तरंगला तर तो पॉलिप्रोपिलीनचा. तो उन्हानं ठिसूळ होतो आणि गुळगुळीत असल्यानं अॅडजस्टरमधून घसरतो, दर आठवड्याला पट्टा लांब झालेला दिसतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. यांपैकी कुठलीही घ्या. नवारेचं मोकळं टोक दोनदा दुमडून शिवलं की अॅडजस्टरमधून सुटून जात नाही.

बुडाबद्दल थोडक्यात. 1000 डेनियरचा थर नुसता तळाला न लावता चारी बाजूंनी 7-8 सेंमी वर चढवा, म्हणजे जोडाची शिवण जमिनीवर घासणाऱ्या कडेवर येत नाही. आणि त्या कडेला शोभेची पायपिंग नको. पायपिंग हीच कडेची सर्वात उंच रेघ असते, ती आधी झिजते आणि आतली दोरी बाहेर येते.

चेन

मुख्य कप्प्याला 8 नंबरची कॉइल चेन, पुढच्या खिशाला 5 नंबर. नंबर म्हणजे बंद दातांची मिमीमधली ढोबळ रुंदी. बाजारातल्या दप्तरांत मुख्य कप्प्यालाही 5 नंबर घालतात, तिथे बचत होते आणि तिथेच चेन जाते. कॉइल म्हणजे सलग वेटोळ्याचे दात असलेली चेन. ती वळणावर वाकते आणि दाब आला तर उघडली तरी रनर मागे-पुढे फिरवून पुन्हा बसते. सुट्या प्लास्टिक दातांच्या चेनीतला एक दात गेला की तेवढी दुरुस्त करता येत नाही, सगळी चेन बदलावी लागते. धातूची चेन आपल्या खाडीकाठच्या हवेत हिरवी पडते आणि अडते.

लोक म्हणतात चेन गेली, पण बहुतेक वेळा रनर गेलेला असतो. रनरच्या आतल्या दोन ओठांमधली फट झिजून वाढते, तो दातांना पुरेसं दाबत नाही आणि तो पुढे गेल्यावर मागे चेन उघडीच राहते. दात सरळ आणि अख्खे दिसत असतील तर नवीन चेन लावू नका. रनरच्या मागच्या, म्हणजे चेन बंद करताना शेवटी राहणाऱ्या टोकाला पकडीनं एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला हलकेच दाबा. केसभर दाबायचं, जास्त दाबलं तर रनर फिरणारच नाही किंवा त्याचा मधला खांब तुटेल. हा उपाय काही महिने चालतो. नंतर रनर बदलावा लागतो. रनरच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर आणि शक्यतो तीच बनावट घ्या. वेगळ्या बनावटीचा 8 नंबर आत-बाहेर किंचित वेगळा असतो. म्हणूनच चेन मीटरवर घेताना दोन रनर जास्तीचे घेऊन ठेवा.

रनर लवकर झिजण्याचं कारण बहुधा कोंबलेलं दप्तर असतं. दप्तर भरल्यावर चेनीच्या दोन्ही कडा हात न लावता एकमेकींपासून 1 सेंमीच्या आत यायला हव्यात. त्याहून लांब राहत असतील तर प्रत्येक वेळी रनर वह्यांशी कुस्ती खेळतो. मुलाच्या सगळ्यात जाड दिवसाची पुस्तकं कारागिराकडे नेऊन आतली जाडी ठरवा. डबा दप्तरात जात असेल तर तोही न्या.

चेन बसवताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. कापडाची घडी दातांपासून 5-6 मिमी लांब हवी, त्याहून जवळ असली की रनर कापड खातो. वरच्या कोपऱ्यांची गोलाई किमान 6-7 सेंमी त्रिज्येची, कारण टोकदार कोपऱ्यात रनर दर वेळी तिरका ओढला जातो आणि दात तिथेच जातात. आणि चेन बाजूनं फार खाली नेऊ नका, अर्ध्या उंचीच्या जरा खाली थांबवा. चेन जितकी खाली, तितकी दप्तराचं वजन तिची टोकं फाकवतं. दोन्ही टोकांवर आडवी कापडाची पट्टी आणि तिच्यावर बारटॅक, म्हणजे शेवटच्या दातावर ताण येत नाही. चेनीवरून 25-30 मिमीची झाकणपट्टी सोडली तर पाऊस थेट दातांवर पडत नाही. रबरी थराच्या वॉटरप्रूफ चेनीवर खर्च करू नका. ती ताठ असते, मूल ती पूर्ण लावत नाही आणि थर सोलला की साधी चेनच उरते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर, कुठलंही कापड घेतलं तरी सुईच्या भोकांतून पाणी येतंच. घोडबंदरच्या पावसात बसस्टॉपवर दहा मिनिटं उभं राहायचं असेल तर वरून 70 डेनियर रिपस्टॉपचं रेनकव्हर आणि आत वह्यांसाठी एक प्लास्टिकची पिशवी, एवढं हवंच. घरी आल्यावर कव्हर वेगळं टांगा. दप्तरावर ते तसंच राहिलं की आतली ओल कोंडते आणि पीयूचा लेप लवकर जातो.

चेनीत चिखल गेला तर जुन्या दात घासायच्या ब्रशनं साध्या पाण्यानं धुवा, वाळली की दातांवर मेणबत्ती एकदा फिरवा. तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि तीच रनर आतून घासते. दप्तर वॉशिंग मशीनमध्येही नको. पीळ बसताना लेप सुटतो आणि फोम सरकतो. बादलीत कोमट पाणी, थोडी साबणपूड, मऊ ब्रश, आणि उलटं करून सावलीत टांगायचं.

कारागिराकडून दप्तर ताब्यात घेताना त्यात पाच-सहा किलो पुस्तकं भरा, एकाच पट्ट्यानं उचलून दोन-तीनदा झटका द्या आणि आतून जोड बघा. टाक्यांची भोकं लांबट झालेली दिसली किंवा कापडाचे धागे शिवणीपाशी फाकलेले दिसले तर तो जोड तिथल्या तिथे आणखी एका नवारेनं बांधून घ्या. शाळा सुरू झाल्यावर तो परत उघडून करायला कारागीर नाखूश असतो, आणि भोकं पडलेलं कापडही साथ देत नाही.